एंट्रीपासून ताळेबंदापर्यंत

"सर, दोन वर्षं झाली. अजून मी बिलंच टाकतेय."

माझी एक जुनी विद्यार्थिनी २०२३च्या पावसाळ्यात घरी आली आणि चहाचा कप हातात घेता घेता हे बोलून गेली. २०२१मध्ये ती बी.कॉम. झाली होती, ५२ टक्क्यांनी. दोन महिन्यांतच बार्शीतल्या एका कर सल्लागाराकडे टॅली ऑपरेटर म्हणून लागली. पगार साडेसहा हजार, रोख, पाकिटातून. वर्षभराने त्याचे साडेसात झाले. घरच्यांना वाटलं, मुलगी मार्गी लागली. ओळखीचे विचारत, तेव्हा वडील "ऑफिसात आहे" असं सांगत, आणि ते खरंच होतं.

तिचं काम काय होतं, हे नीट पाहायला हवं. कृषी सेवा केंद्रवाले, हार्डवेअरवाले, कापडवाले, लहान ठेकेदार महिनाभराची बिलं पिशवीत भरून आणून टाकत. बिल काढायचं, तारीख, पार्टीचं नाव, रक्कम आणि कर टॅलीत चढवायचा, बिल फाइलला लावायचं, पुढचं घ्यायचं. दिवसाला दीडशे-दोनशे एंट्र्या. रिटर्नच्या तारखा जवळ आल्या की रात्रीचे आठ वाजत. पुढे त्या आकड्यांचं काय होतं, किती कर भरला, कुठे चुकलं, ते सगळं आतल्या खोलीत ठरे. तिथे तिला कधी बोलावणं आलं नाही.

हिला बेकार म्हणता येत नाही. पण पदवीला जे काम यायला हवं, त्याच्या एक-दोन पायऱ्या खालचं काम ती करत होती. देशातल्या कामधंद्यांच्या सरकारी वर्गीकरणात कामांच्या चार पातळ्या मानल्या आहेत. कारकुनी आणि विक्रेत्याची कामं दुसऱ्या पातळीवर येतात. त्यांना दहावी-बारावीचं शिक्षण पुरतं. पदवीची कामं तिसऱ्या पातळीपासून सुरू होतात. केंद्र सरकारच्या २०२४-२५च्या आर्थिक पाहणीत या पातळ्या शिक्षणाशी ताडून पाहिल्या, तर निम्म्याहून जास्त पदवीधर आपल्या शिक्षणाहून खालच्या कामात असल्याचं दिसलं. तालुक्याच्या गावात हे समजायला पाहणी लागत नाही. मेडिकलच्या काउंटरवर बी.एस्सी. आहे, मोबाइलच्या दुकानात बी.ए. आहे, पतसंस्थेची दैनंदिन ठेव गोळा करत एम.कॉम. सायकलवर फिरतो आहे.

मी तीस वर्षं वाणिज्य शाखेला शिकवलं, त्यामुळे मला हिशेबाच्या धंद्याची वाट ठाऊक आहे. म्हणून इथे तेवढीच सांगतो. बाकी क्षेत्रांतल्या पायऱ्या वेगळ्या असतील.

लहान गावातल्या हिशेबाच्या कामाला ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत. पहिली एंट्रीची. दुसरी जुळवणीची: बँकेचं पासबुक आणि आपली कीर्द, पुरवठादाराचा खातेउतारा आणि आपलं खातं, जीएसटीच्या पोर्टलवरची खरेदी आणि आपल्या वहीतली खरेदी समोरासमोर ठेवून फरक शोधायचा आणि तो का पडला ते सांगायचं. तिसरी पायरी वर्षअखेरची: घसारा, शिल्लक माल, येणी-देणी लावून ताळेबंद काढायचा आणि तो बँकेच्या किंवा आयकर अधिकाऱ्याच्या प्रश्नांपुढे टिकवायचा. आमच्याकडे याला 'फायनल करणं' म्हणतात. पहिल्या पायरीवरचा माणूस बारावीनंतर तीन महिन्यांचा टॅलीचा क्लास करून तयार होतो. म्हणून तिथला पगार पदवीकडे बघून ठरत नाही. उद्या दुसरा ऑपरेटर केवढ्याला मिळेल, त्यावर ठरतो. ती कितीही झपाट्याने एंट्र्या टाको, पगार तिथेच घुटमळणार होता. मालकाचा कद्रूपणा हे त्याचं एक कारण असेलही, पण मुख्य कारण कामाच्या जातीत आहे.

साडेसहा हजार हा आकडा कायद्यालाही धरून नव्हता, हे सांगायला हवं. राज्यात दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी किमान वेतन ठरलेलं आहे, गावाच्या परिमंडळानुसार ते बदलतं, आणि महागाईचा विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी सुधारला जातो. तिचा पगार त्याच्या बराच खाली होता. पण चार माणसांच्या कार्यालयात हा प्रश्न काढला, तर पगार वाढण्याआधी जागा जाण्याची भीती खरी असते. तिने तक्रार केली नाही, मीही तिला कर म्हणून सांगितलं नाही. फक्त तो आकडा काढून वहीत लिहून ठेवायला सांगितलं. पुढे पगाराची बोलणी झाली, तेव्हा आपण किती मागावं, हे तिला त्या आकड्यावरून ठरवता आलं.

त्या दिवशी ती माझ्याकडे आली होती, ती मात्र दुसऱ्याच कामासाठी. तलाठी भरतीचा अर्ज भरला होता आणि नोकरी सोडून पूर्णवेळ अभ्यासिकेत बसावं का, हे तिला विचारायचं होतं. त्या वर्षी तलाठ्याची ४,६४४ पदं निघाली होती आणि राज्यभरातून दहा लाखांवर अर्ज आले होते. एका जागेमागे दोनशेहून अधिक जण. हा आकडा सांगून मी तिला परावृत्त केलं नाही. परीक्षा द्यायलाच हवी होती, अर्जाचे हजार-नऊशे रुपये भरून झाले होते, आणि त्यातून कोणीतरी लागतंच. पण नोकरी सोडायची की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. त्याला दोन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली, परीक्षा ठरल्या वेळी होते का. तलाठ्यांची आधीची मोठी भरती २०१९ची होती, नंतरची चार वर्षांनी. जी परीक्षा पुन्हा कधी होईल ते कोणी सांगू शकत नाही, तिच्यासाठी नोकरी सोडणं म्हणजे मुदत नसलेला खर्च उचलणं. बँकांच्या लिपिक आणि अधिकारी पदांच्या सामाईक परीक्षांचं तसं नाही. त्यांचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर होतं. तिथे 'दोन वर्षांत दोन प्रयत्न' असा हिशेब मांडता येतो. वयाची गणितंही वेगळी आहेत. राज्यसेवेला खुल्या गटाची मर्यादा ३८ वर्षं आहे, बँकेच्या लिपिक पदाला मात्र २८. बँकेची वाट धरायची असेल, तर ती पंचविशीच्या आतबाहेरच धरावी लागते; 'नंतर बघू' म्हणणाऱ्याला ती बंद होते.

दुसरी गोष्ट, आपण जवळ येतोय की नाही. पूर्व परीक्षेत आपल्याला किती गुण पडले आणि कट-ऑफ किती लागला, यातलं अंतर दर वेळी कागदावर लिहून ठेवावं. पहिल्या वेळी अठरा गुणांनी हुकलं, दुसऱ्या वेळी सहाने, तर तिसरा प्रयत्न करण्यात अर्थ आहे. दोन्ही वेळा पंधरा-सोळाच्या आसपास राहिलं, तर तेच पुस्तक तिसऱ्यांदा वाचून अंतर तुटत नाही. मी कितीतरी हुशार मुलं पाहिली, ज्यांनी सहा-सात वर्षं हे अंतर कधी मोजलंच नाही, कारण मोजायची भीती वाटत होती. घरात कोणी विचारलं, की "यंदा थोडक्यात गेलं" हेच उत्तर.

तिने नोकरी सोडली नाही. तलाठ्याची परीक्षा दिली, निवड झाली नाही. त्या सुट्टीत मी तिला एक साधी गोष्ट करायला सांगितली: गेल्या सहा महिन्यांत तू नवीन काय शिकलीस, ते एका कागदावर लिहून काढ. तास, धावपळ, किती बिलं टाकली, हे नको. पुढचा मालक ज्याचे पैसे देईल असं नवं काम. बराच वेळ कागद कोराच राहिला. शेवटी तिने लिहिलं, "ई-वे बिल काढायला शिकले." दोन वर्षं वाया चालली होती, याचा तिला पटलेला हा पहिला पुरावा होता. खालच्या दर्जाचं काम करण्याने वर्ष वाया जात नाही. सहा-सहा महिने त्याच कामात नवं काही येत नाही आणि झालेलं काम कुठे नोंदलंही जात नाही, तेव्हा ते जातं.

मग प्रश्न उरला, त्याच कार्यालयात बसून दुसऱ्या पायरीचं काम हातात कसं यावं. मागितल्याशिवाय ते कोणी देत नाही, आणि नुसतं "मला शिकवा" म्हणून मागितलं तरी देत नाही. समोरचा मनुष्य दगदगीत असतो. ज्या कामाने त्याची झोप उडते, ते काम "मी करून ठेवते, तुम्ही तपासा" म्हणून मागायचं असतं.

कर सल्लागाराची झोप उडवणारं काम म्हणजे महिन्याची १४ ते २० तारीख. आधी ११ तारखेपर्यंत व्यापारी आपल्या विक्रीचं विवरण भरतात. त्यावरून १४ तारखेला पोर्टल प्रत्येक खरेदीदारासाठी एक तक्ता तयार करतं. त्याचं नाव जीएसटीआर-२बी. बाजारात त्याला 'टू-बी' म्हणतात. तुम्ही कोणाकडून माल घेतला आणि त्यावर किती कर दिला, हे त्यात पुरवठादाराच्या नोंदीप्रमाणे दिसतं. २० तारखेपर्यंत दुकानदाराला स्वतःचा कर भरायचा असतो, आणि खरेदीवर दिलेला कर त्यातून वजा मिळतो. पण २०२२च्या जानेवारीपासून तो वजा करून घ्यायला बिल हातात असणं पुरत नाही. ते टू-बीतही यावं लागतं.

एक उदाहरण घेऊ. एका कृषी सेवा केंद्राने कीटकनाशकाच्या वितरकाकडून २ लाखांचा माल घेतला. त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ३६,००० रुपये. दुकानदाराने ते वितरकाला देऊन टाकले. पण वितरकाच्या कारकुनाने बिल चढवताना चुकून दुसऱ्याच पार्टीचा नोंदणी क्रमांक टाकला आणि ती खरेदी दुसऱ्याच कोणाच्या टू-बीत गेली. आता आमच्या दुकानदाराला त्या महिन्यात ३६,००० रुपयांची वजावट मिळणार नाही. ऐन खरिपात, जेव्हा माल उधारीवर शेतात गेलेला असतो, तेव्हा तेवढी रोकड उभी करावी लागणार. वितरकाने पुढच्या महिन्यात दुरुस्ती केली तर वजावट मिळेल, पण त्यासाठी त्याला कोणीतरी कळवायला हवं, आणि कळवण्याआधी कोणाच्या तरी लक्षात यायला हवं. एंट्री करणाऱ्याच्या हे लक्षात येत नाही, कारण त्याच्या टॅलीत बिल व्यवस्थित चढलेलं असतं. ते फक्त जुळवणी करणाऱ्याला दिसतं.

कृषी केंद्राचा हिशेब आणखी एका कारणाने अवघड. बियाण्यावर कर नाही, खतावर ५ टक्के, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के. तीनही एकाच बिलात येऊ शकतात. बियाण्याची ओळ चुकून १८ टक्क्यांत गेली, तर जुळवणीत रकमा सरळसरळ फुटतात. असे फरक शोधायला कसलीही परीक्षा पास व्हावी लागत नाही. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला शिकवलेली खात्यांची समज, एक्सेलमधलं शोधून जुळवायचं एक सूत्र आणि चिकाटी एवढंच लागतं. ते सूत्र तिने रविवारी दोन बैठकांत शिकून घेतलं.

तिने मालकाला सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून बारा पार्ट्यांचं टू-बी मी लावून ठेवते. तुम्ही फक्त फरकांवर नजर टाका." एंट्रीच्या कामात कपात होणार नव्हती, हे तिने आधीच धरलं होतं. पहिले तीन महिने १४ ते १८ तारखेदरम्यान तिला घरी जायला नऊ वाजत. वडील न्यायला येत. आई वैतागली होती, आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं: जास्त काम, पगार तोच. हे तीन-चार महिने म्हणजे शिकण्याची फी, एवढंच मी त्यांना सांगू शकलो. पण फीला मुदत असते, हेही सांगितलं. सहा महिन्यांनंतरही काम वाढलेलं आणि पगार तसाच असेल, तर ते शिकणं राहत नाही.

या काळात तिने एक वही ठेवली. महिना, पार्टी कोणत्या धंद्यातली, कोणता फरक सापडला, किती रुपयांचा, कशाने पडला आणि कसा मिटला. पार्टीचं नाव लिहायचं नाही, हे मी मुद्दाम बजावलं. दुसऱ्याचा हिशेब आपल्या मुलाखतीसाठी उघडा करणारा हिशेबनीस कोणालाच नको असतो. आठ महिन्यांत वहीत चाळीसच्या आसपास नोंदी झाल्या. पुढे या वहीने तिला पदवीच्या गुणपत्रिकेहून जास्त साथ दिली.

लहान गावात नोकरी बदलताना खरी अडचण येते ती कागदाची. पगार रोख, नेमणुकीचं पत्र नाही, हजेरीपुस्तकात नाव नाही. तीन वर्षं काम केलेला माणूस दुसऱ्या शहरात गेला की त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. तिथे तो पुन्हा 'फ्रेशर' ठरतो. भविष्य निर्वाह निधीचं खातं असेल, तर नोकरीच्या तारखा आपोआप नोंदल्या जातात. पण तो कायदा साधारणपणे वीस किंवा त्याहून जास्त माणसांच्या आस्थापनेला लागू होतो, चार माणसांच्या कार्यालयाला नाही. म्हणून तिने मालकाला एवढीच विनंती केली, की पगार पाकिटाऐवजी बँकेत जमा करावा. कारण दिलं, वडिलांच्या कर्जासाठी बँकेला दाखवायला लागतं. ते खरंही होतं. मालकाने मान्य केलं. बारा महिन्यांचे जमा झालेले पगार म्हणजे एक पुरावा. दुसरा, नोकरी सोडताना घ्यायचं अनुभवपत्र. त्यात 'कार्यालयीन कामकाज पाहिले' असं मोघम लिहून देतात आणि त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. कामांची नावं लिहून घ्यावी लागतात: इतक्या पार्ट्यांची मासिक जुळवणी, बँक जुळवणी, जीएसटी विवरणांची तयारी. मसुदा आपणच लिहून नेला, तर बहुतेक मालक सही करतात.

एक सावधगिरी इथेच सांगतो, कारण तिच्या वर्गातल्या दोघांना हा अनुभव आला. काही ठिकाणी नोकरी देताना मूळ गुणपत्रिका 'फाइलला लावायला' म्हणून ठेवून घेतात आणि सोडताना अडवतात. मूळ कागद दाखवून परत घ्यावा, छायाप्रत द्यावी. यावर मालक अडला, तर नोकरी धरायच्या आधीच आपल्याला त्याची ओळख पटली.

तिसरा कागद तिने स्वतः मिळवला. जीएसटी कायद्याच्या नियमांत वाणिज्य शाखेच्या पदवीधराला 'जीएसटी प्रॅक्टिशनर' म्हणून नोंदणी करता येते. अर्ज पोर्टलवर, नमुना पीसीटी-०१; मंजूर झाला की पीसीटी-०२ हे प्रमाणपत्र येतं. ही नोंदणी म्हणजे सी.ए. नव्हे. तिने लेखापरीक्षण करता येत नाही, आणि गावात अशी नोंदणी असलेले अनेक जण असतात, त्यामुळे नोंदणी झाली म्हणून पार्ट्या दारात येत नाहीत. उपयोग एवढाच, की व्यापाऱ्याने पोर्टलवर अधिकार दिला तर विवरण आपल्या स्वतःच्या लॉगिनमधून तयार करता येतं, आणि ते काम आपल्या नावाने नोंदलं जातं. मालकाच्या लॉगिनवर पाच वर्षं केलेलं काम जगासाठी मालकाचंच असतं.

या नोंदणीने मालक बिथरला. "आता आमच्या पार्ट्या फोडणार का?" असं त्याने थेट विचारलं. ही भीती निराधार नव्हती. असं खरंच घडतं. तिने स्पष्ट सांगितलं, की इथल्या एकाही पार्टीचं काम घेणार नाही, आणि ते पाळलं. तिच्या मामाचं स्टेशनरीचं दुकान आणि वर्गमैत्रिणीच्या भावाची मोबाइल दुरुस्ती, एवढीच दोन कामं तिने बाहेर केली. हातात फार पैसे आले नाहीत, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक हिशेब स्वतः पेलायची सवय झाली. पगार या सगळ्यात साडेसातचा साडेदहा झाला. त्याच वेळी "तू तर घरचीच आहेस" हे वाक्यही वाढलं. दिवाळीला साडी, आजारपणात विचारपूस, सगळं प्रेमाने. अशा ठिकाणी पगार मागायला जीभ रेटत नाही आणि सोडायला मन घेत नाही. मला वाटतं, लहान गावातली वर्षं सर्वांत जास्त या गोडव्यात जातात.

२०२४मध्ये राज्य सरकारची युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. पुढे ती अकरा महिने झाली. तिच्या काही मैत्रिणी ग्रामपंचायतीत, शाळेत, तालुक्याच्या कचेरीत रुजू झाल्या. तिलाही वाटलं, घ्यावं का. रक्कम तिच्या पगाराच्या तोडीचीच होती. पण तिथे मिळणारं काम बहुतेक पुन्हा नोंदी करण्याचं होतं आणि मुदत संपल्यावर जागेची हमी नव्हती. जिच्या हाती काहीच नाही, तिने अशी संधी जरूर घ्यावी. दुसऱ्या पायरीवर पोचलेल्या मुलीने त्यासाठी खाली उतरणं मला पटलं नाही. शिकाऊ उमेदवारीचंही तसंच आहे. १९६१च्या कायद्याखालची ही उमेदवारी आता बी.कॉम., बी.ए. झालेल्यांनाही मिळते, बँका आणि कारखाने त्या जागा काढतात. रुजू होण्याआधी एकच विचारावं: मला कोणत्या विभागात बसवणार आणि तिथे काय करायला देणार?

२०२५च्या सुरुवातीला पुण्याहून एक बोलावणं आलं. पगार १८,०००. घरात आनंद झाला. आम्ही बसून हिशेब मांडला. कॉट बेसिसवर खोली ४,५००, दोन वेळची मेस ३,५००, बस आणि मोबाइल १,५००, इतर किरकोळ १,५००. एकूण ११,०००. हातात उरणार ७,०००. बार्शीत साडेदहातले दीड हजार अंगावर खर्च होऊन नऊ हजार घरात पडत होते. म्हणजे पगार साडेसात हजारांनी वाढून शिल्लक दोन हजारांनी घटणार. तरीही पुण्याला जाणं योग्य ठरलं असतं, काम तिसऱ्या पायरीचं असतं तर. तिने फोन करून विचारलं. काम होतं खरेदीच्या बिलांच्या एंट्रीचं. मोठी कंपनी, दिवसाला चारशे बिलं. शहर बदललं असतं, पायरी एक खाली आली असती. तिने नाही म्हटलं. वडील आठवडाभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

चार महिन्यांनी सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात लेखा सहायकाची जागा निघाली. पगार १७,०००, भविष्य निर्वाह निधी कापून. मुलाखतीत तिथल्या लेखा अधिकाऱ्याने गुणपत्रिका चाळून बाजूला ठेवली आणि विचारलं, "पुरवठादाराच्या उताऱ्यात आणि आपल्या खात्यात फरक आला, तर कुठून सुरुवात कराल?" तिने वही काढली नाही, तिची गरज पडली नाही. चाळीस फरक हाताखालून गेले होते. आधी सुरुवातीची शिल्लक जुळते का, मग तारखा कुठे पुढेमागे झाल्यात, मग परत केलेल्या मालाच्या नोंदी, मग टीडीएस, असं तिने क्रमाने सांगितलं. जागा तिला मिळाली. बार्शी ते सोलापूर सत्तर किलोमीटर. रोज जाऊन-येऊन जमेना, म्हणून ती आठवडाभर आत्याकडे राहते आणि शनिवारी गावी येते. आत्याचं घर नसतं, तर हा हिशेबही वेगळा निघाला असता. प्रत्येकीला सोलापुरात आत्या नसते, हे मी विसरत नाही.

आता प्रश्न तिसऱ्या पायरीचा. सी.ए.ची वाट तिने विचारली. वाणिज्य पदवीधराला तिथे थेट इंटरमीजिएटला बसायला ५५ टक्के लागतात. तिला ५२ होते. तीन टक्क्यांनी ते दार बंद झालं. फाउंडेशनपासून सुरुवात करून जाता आलं असतं, पण मग इंटरमीजिएटनंतर दोन वर्षांची आर्टिकलशिप, म्हणजे मिळवलेला पगार सोडून पुन्हा विद्यावेतनावर. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे टक्क्यांचं आता आवर्जून सांगतो, कारण तिसऱ्या वर्षानंतर ते कळून उपयोग नसतो. एम.कॉम. मुक्त विद्यापीठातून घरबसल्या झालं असतं, पण त्याने कारखान्यात पगार हलत नाही. प्राध्यापकीसाठी नेट-सेटबरोबरच त्याला किंमत. उरला कॉस्ट अकाउंटंटचा, म्हणजे सी.एम.ए.चा अभ्यासक्रम. त्याच्या इंटरमीजिएटला पदवीधराला टक्क्यांच्या अटीशिवाय थेट प्रवेश आहे, दोन गटांत आठ विषय आहेत, आणि नोकरी सांभाळून एकेक गट देता येतो. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. कारखान्यात उत्पादन खर्चाचा हिशेब रोज डोळ्यांसमोर असल्याने पुस्तकातलं तिला परकं वाटत नाही. प्रत्येक विषयात किमान ४० आणि गटात सरासरी ५० टक्के लागतात, आणि त्या ५० टक्क्यांवरच बहुतेक जण अडतात, हे तिला मी मोकळेपणाने सांगितलं आहे. ती दोन वर्षांत चार प्रयत्न करणार आहे. दोन वर्षांत एकही गट सुटला नाही, तर अभ्यासक्रम थांबवून कारखान्यातल्याच ताळेबंदाच्या कामात जागा शोधायची, असं तिने वहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवलं आहे.

पहिल्या गटाचा अर्ज भरून झाला आहे. डिसेंबरची परीक्षा नेमकी महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येते, आणि १४ तारखेला टू-बी येतं. म्हणून यंदा तिने दिवाळीनंतर लगेच लेखा अधिकाऱ्यांशी बोलून रजा ठरवून घेतली. तिच्या हाताखाली नवा एक मुलगा आला आहे, कुर्डुवाडीचा, बी.कॉम., एंट्रीवर. परीक्षेच्या आठवड्यात जुळवणी तो करणार आहे. सध्या रोज दुपारी जेवणानंतर अर्धा तास ती त्याला जुन्या महिन्यांचे फरक काढायला देते आणि सापडले की वहीत लिहायला लावते. पार्टीचं नाव वगळून.